सरासरी ३१० मिलिसेकंद, पण ३१० वर एकही विनंती नाही! हीटमॅपमधले दोन पट्टे कसे वाचायचे?

मिरजवाली

नमस्कार मंडळी. धागा जरा तांत्रिक आहे, पण इथे सर्व्हरची उस्तवार करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय.

सांगलीतल्या काही हळदीच्या अडत दुकानांसाठी आम्ही एक अ‍ॅप चालवतो. सौदे चालू असताना लॉटचा दर ठरला की दुकानातला माणूस तो भरतो, मोबाइलवर घंटी वाजते आणि खरेदीदार-शेतकरी अ‍ॅप उघडून दर बघतात. मांडणी साधीच आहे. एकच सर्व्हर, पुढे एनजिनएक्स, मागे दर सांगणारी पायथनमधली छोटीशी सेवा. ती आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलेली आहे.

तक्रार अशी की अ‍ॅप "मधनंच अडकतंय". पण डॅशबोर्डवर सरासरी प्रतिसादवेळ ३१० मिलिसेकंद, सौदे चालू असताना सकाळभर जवळपास सरळ रेघ. साहेब म्हणतात, पाव-अर्ध्या सेकंदात उत्तर मिळतंय, आणखी काय पाहिजे?

मग एनजिनएक्सच्या लॉगमधून हिस्टोग्राम काढून ग्राफानात हीटमॅप लावला. आडवी वेळ, उभा प्रतिसादाला लागलेला वेळ, आणि ज्या चौकोनात विनंत्या जास्त तो गडद. मला वाटलं होतं ३०० च्या आसपास एक ढग दिसेल. दिसले दोन पट्टे. एक खाली, २५ ते ५० मिलिसेकंदांच्या खान्यात. दुसरा पार वर, १ ते २.५ सेकंदांच्या खान्यात. मधलं सगळं कोरं. ३१० ज्या खान्यात पडायला हवं तिथे दिवसभरात काहीच नाही.

भरीत भर म्हणजे पायथनची सेवा स्वतःचा वेळ स्वतः मोजते, आणि तिच्या मते प्रत्येक विनंती ४० च्या आसपासच संपते.

हे दोन पट्टे खरे आहेत की माझ्या खान्यांची करामत? आणि खरे असतील तर पुढे काय बघू?

चहाटळ

आमच्या सातारा जिल्ह्याचा सरासरी पाऊस काढा. महाबळेश्वरात पाच-साडेपाच हजार मिलिमीटर, माणमध्ये पाचशे पडला तरी लोक पेढे वाटतील. आता त्या सरासरीवरून सांगा, रेनकोट घ्यायचा का टँकर मागवायचा?

बेदाणा_तासगाव

हीटमॅप म्हणजे तापमानाचा नकाशा ना? बेदाण्याच्या शेडसाठी असा नकाशा कुठं मिळंल? यंदा ऊन लई कडक हाय, माल लाल पडायलाय.

मिरजवाली

नाही हो दादा, हा सर्व्हरच्या वेळेचा नकाशा आहे. रंग गडद म्हणून नुसतं नाव तसं.

आकडेशास्त्री

सरासरी बघूच नये हे आता शाळकरी पोरालाही माहीत असतं. पी९५ लावा आणि मोकळे व्हा. शंभरातल्या पंच्याण्णव विनंत्या किती वेळाच्या आत संपल्या ते कळतं. हीटमॅप दिसायला छान, साहेबांना दाखवायला उपयोगी, बाकी भिंतीवरची रांगोळी.

मिरजवाली

@आकडेशास्त्री, पी९५ लावून पाहिलं. २.२५ सेकंद दाखवतंय. पण कच्चा लॉग उघडला तर १ सेकंद आणि वर थोडं अशा ओळी ढीगभर आहेत, सव्वादोन सेकंदांची एक नाही. पी७५ तर त्याहून वाईट. कधी ५०, कधी हजाराच्या वर, दर दोन-तीन मिनिटांनी उडी. ती रेघ बघून साहेबांनी फोन केला, सर्व्हर पडला का म्हणून.

वाईचा_घाट

मिरजवालीताई, पट्टे खरे आहेत, आणि तुमच्या पी९५ चं कोडंही त्यातूनच सुटतं. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

शंभर विनंत्या घ्या. समजा ७५ जणांना ४० मिलिसेकंद लागले, २४ जणांना १०४० आणि एकाला ३०४०. बेरीज ३,००० अधिक २४,९६० अधिक ३,०४०, म्हणजे ३१,०००. भागिले शंभर, ३१०. तुमचा आकडा बरोबर आला. मी ही विभागणी अंदाजाने धरली आहे, पण साधारण अशीच निघेल. चारातला एक माणूस सेकंदभर ताटकळतोय आणि बाकीच्या तिघांना काही जाणवतच नाही. पी७५ उड्या का मारतं तेही बघा : पंचाहत्तरावा माणूस बरोबर दोन पट्ट्यांच्या सीमेवर उभा आहे. हळू विनंत्या शंभरात २४ झाल्या की तो खालच्या पट्ट्यात, २६ झाल्या की वरच्या. सर्व्हरमध्ये काहीच बदललेलं नसताना रेघ वीसेक पट वर जाते.

आता २.२५. तुमचे हिस्टोग्राम साठवणाऱ्या प्रोमिथियसला प्रत्येक विनंतीचा वेळ ठाऊक नसतो, कुठल्या खान्यात किती पडल्या एवढंच ठाऊक असतं. तुम्ही गो लायब्ररीचे तयार खाने उचललेले दिसतात. त्यात १ सेकंदानंतरची पुढची रेघ थेट २.५ वर आहे. पंच्याण्णवावा माणूस त्या खान्यातल्या २४ जणांपैकी विसावा, आणि हे २४ जण खान्यात समान अंतरावर पसरलेत असं ते गृहीत धरतं. १.५ सेकंदाच्या रुंदीचे २० भागिले २४, म्हणजे १.२५, त्यात १ मिळवा. झालं २.२५. प्रत्यक्षात सगळे खान्याच्या तळाशी दाटीवाटीने बसलेत.

तेव्हा आधी खाने बदला. १ सेकंदाच्या आसपास बारीक करा : ०.९, १, १.०५, १.१, १.२५, १.५, २, ३, ३.१, ५. जुन्या साठलेल्या हिस्टोग्रामला नवे खाने लावता येत नाहीत, पण तुमच्याकडे कच्चा लॉग आहे, त्यावरून मागचे दिवस परत काढता येतील. दुसरं, रंगाची पट्टी सरळ प्रमाणात ठेवू नका, घातांकी करा. नाहीतर खालच्या गडद पट्ट्यापुढे शंभरातली एखादी विनंती पांढरीच दिसते.

मला त्या वरच्या पट्ट्याची जाडी बघायची आहे. ती बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

आकडेशास्त्री

पी९५ चा दोष नाही मग, खान्यांचा आहे. तरी मान्य, अर्धं माझं चुकलं. पण आता मीही आमच्याकडे हीटमॅप लावला तर वरचे सगळे खाने गडद आणि खाली फिकट. आमचे सगळे गिऱ्हाईक दहा सेकंद थांबतात की काय!

वाईचा_घाट

नाही थांबत. प्रोमिथियसचे खाने साचत जाणारे असतात, म्हणजे ५ सेकंदांच्या खान्यात त्याहून जलद झालेल्या सगळ्या मोजलेल्या असतात. पॅनेलमध्ये क्वेरीचा फॉरमॅट Time series ठेवलात की असंच दिसतं. Heatmap निवडा, मग ग्राफाना वजाबाकी करून दाखवतं.

```
sum by (le) (increase(nginx_request_seconds_bucket[1m]))
```

आकडेशास्त्री

झालं. आमच्याकडे एकच पट्टा आहे. जरा निराशच झालो.

फलटण_डेअरी

आमच्याकडेही दोन पट्टे होते, म्हणून सांगतो. दूध संकलनाची प्रणाली आहे. फॅट-एसएनएफवरून दर काढायचा तक्ता कॅशमध्ये असला तर १० मिलिसेकंद, नसला तर डिस्कवरून येणार, मग १५० ते ६०० कितीही. ताई, तुमचंही कॅशचंच असणार. कॅश वाढवा, आमचा वरचा पट्टा त्यानेच पातळ झाला.

टाकारी

थांबा थांबा. कॅश-बिश नंतर. दोन पट्टे दिसले की पहिला संशय हा, की दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच आलेखात ओतल्यात. आमच्याकडे लॉगिन आणि महिनाअखेरचं बिल एकत्र मोजत होतो, आठवडाभर 'दोन पट्ट्यांचं रहस्य' म्हणून मीटिंगा झाल्या. आधी पत्त्यानुसार वेगळं करा. आणि पायथन म्हटलं की तो मेमरी साफ करायला मधेच थांबतो, ते असेल.

वाईचा_घाट

टाकारींचं पहिलं म्हणणं एकदम रास्त, ते आधी करा. दुसरं पटत नाही. मेमरी साफ करताना सेवा थांबली असती तर सेवेच्या स्वतःच्या मोजणीतही तो सेकंद दिसला असता. ती तर ४० म्हणते.

फलटणकर, तुमच्या वरच्या पट्ट्याची व्याप्ती तुम्हीच लिहिलीत : १५० ते ६००. डिस्क, लॉक, डेटाबेस, यातलं काहीही असलं तरी वाट बघणं कमीजास्त होतं, म्हणून पट्टा पसरट आणि कडा धूसर. म्हणूनच मी जाडी विचारतोय.

चहाटळ

अवांतर : सन मायक्रोसिस्टम्समध्ये असताना ब्रेंडन ग्रेग नावाचा अभियंता डिस्कच्या कपाटावर जोरात ओरडला आणि त्याच क्षणी हीटमॅपवर वर ठिपके उमटले. आवाजाच्या कंपनाने डिस्क अडखळल्या. मिरजवालीताई, तुमच्या सर्व्हरच्या खोलीत साहेब येऊन ओरडतात का?

मिरजवाली

साहेब ओरडतात, पण सर्व्हर भाड्याचा आहे, मुंबईत कुठेतरी. तिथवर आवाज जात नसावा.

खाने बदलले, मागच्या लॉगवरून पुन्हा काढलं. पत्त्यानुसारही वेगळं केलं. वरचा पट्टा फक्त दर विचारणाऱ्या `/dar` वरच आहे, लॉगिन-पावती वगैरे स्वच्छ. म्हणजे दोन गोष्टींची सरमिसळ नाही, एकाच प्रश्नाला दोन प्रकारची उत्तरं मिळतायत.

आणि काका, जाडी : जवळजवळ सगळं १ ते १.०५ च्या खान्यात. पेन्सिलीने रेघ मारावी तसं. रंग घातांकी केल्यावर आणखी एक फिकट रेघ दिसली, ३ ते ३.१ मध्ये. ती आधी दिसतच नव्हती. सौद्यांची गर्दी वाढली की वरची रेघ गडद होते, पण वर सरकत नाही.

वाईचा_घाट

शेवटचं वाक्य लाखमोलाचं. गर्दी वाढल्यावर काम साचलं असतं तर वेळ वाढत गेला असता, पट्टा वर फुगला असता. इथे अडकणाऱ्यांची संख्या वाढते, पण प्रत्येकाचा दंड तेवढाच राहतो. हे काम करायला लागणारा वेळ नव्हे, कुठलंतरी घड्याळ लावलेलं आहे.

४० चे १०४० झाले, म्हणजे बरोबर १ सेकंदाची भर. आणि पुढची रेघ ३ सेकंदांच्या भरीवर, २ वर नाही. लिनक्समध्ये जोडणी मागणारं पहिलं पाकीट, म्हणजे सिन, हरवलं तर १ सेकंदाने पुन्हा पाठवतात. तेही हरवलं तर आणखी २ सेकंदांनी, म्हणजे एकूण ३. तुमची रेघ तिथेच आहे. तुमचं कर्नल ६.५ च्या आधीचं असणार. त्यानंतरच्यात सुरुवातीचे काही प्रयत्न एकेका सेकंदानेच होतात, तिथे ही फिकट रेघ २ वर दिसली असती.

एनजिनएक्स आणि पायथन एकाच यंत्रावर असताना पाकीट वाटेत हरवायला केबल नाही, वायफाय नाही. मग ते बहुधा दारातच टाकलं जातंय. सेवेने अजून न स्वीकारलेल्या जोडण्यांची रांग भरली की कर्नल नवं सिन निमूटपणे फेकून देतं. सेवेचं घड्याळ जोडणी स्वीकारल्यावर सुरू होतं, म्हणून तिच्या हिशेबात हा सेकंद येतच नाही. एनजिनएक्स जोडणीसाठी मुळात ६० सेकंद थांबायला तयार असतं, म्हणून एररलॉगही कोरा असणार.

माझा तर्क चुकीचाही असेल. लॉगमध्ये `$upstream_connect_time` टाका आणि सौदे चालू असताना हे दोन चालवा. पहिल्यात रांग भरल्याने फेकलेल्यांची मोजणी दिसेल, दुसऱ्यात रांगेची लांबी :

```
nstat -az TcpExtListenOverflows TcpExtListenDrops
ss -lnt
```

टाकारी

पण काका, सकाळभरात विनंत्या एकूण किती येत असतील? काही हजार. एवढ्याने कसली रांग भरतेय? लाखांची वाहतूक असली तर समजू शकतो.

बेदाणा_तासगाव

मंडळी, हे अ‍ॅप मी वापरतोय की! मला आधी कळलंच नाही कुठलं अ‍ॅप म्हणताय ते. आमच्या भावजींची हळद असते, दर मलाच बघाय लावत्यात. घंटी वाजल्या वाजल्या उघडलं की चक्र फिरत बसतंय. तेच चहाचा घोट घेऊन उघडलं की चटाक दिशी दर दिसतोय. आमचं पोरगं म्हणतंय बीएसएनएलमुळं हाय. मी म्हणलं तसं असंल तर चहानंतर कसं चालतंय?

मिरजवाली

दादा, तुमच्या चहाच्या घोटाने टाकारींना उत्तर दिलं. सकाळभराचा आकडा लहानच आहे, पण विनंत्या सकाळभर सारख्या पसरून येत नाहीत. दर भरला की पन्नास-साठ मोबाइलवर एकाच क्षणी घंटी जाते. बरेच जण लगेच उघडतात, आणि अ‍ॅप आधीपासून उघडं असेल तर ते घंटीबरोबर आपणहून विचारतं. मग पुढच्या लॉटपर्यंत शांतता.

काका, हे घ्या. लॉगमधली एक जलद आणि एक हळू ओळ :

```
/dar rt=0.041 uct=0.000 urt=0.041
/dar rt=1.043 uct=1.002 urt=1.043
```

सबंध सेकंद नुसता जोडणीत. दोन्ही nstat आकडे प्रत्येक लॉटला वाढतायत. `ss` मध्ये आमच्या पोर्टसमोर Send-Q ५, आणि गर्दीच्या क्षणी पकडलं तर Recv-Q ६.

वाईचा_घाट

पाच! म्हणजे ती सेवा बहुधा पायथनच्या सोबत येणाऱ्या ThreadingHTTPServer वर आहे. त्याच्या मुळात रांगेची लांबी ५ आहे. ६ दिसले कारण कर्नल सांगितल्यापेक्षा एक जास्त बसू देतं. साठ जण एकदम आले, रांग पाचाची. प्रत्येकासाठी वेगळा धागा, म्हणजे थ्रेड, तयार करून एकेकाला आत घेईपर्यंत मागचे काही बाहेर फेकले जाणारच. ते सेकंदाने परत येतात, तेही सगळे एकत्रच. पण तोवर संख्या कमी झालेली असते, म्हणून दुसऱ्यांदा एखाददुसराच पडतो. तीच तुमची ३ सेकंदांची फिकट रेघ.

```python
class DarServer(ThreadingHTTPServer):
    request_queue_size = 128
```

१२८ ही काही जादू नाही, एका घंटीला जितके येतात त्याच्या वर असलं म्हणजे झालं. `net.core.somaxconn` त्याहून कमी नाही ना, तेवढं बघा, नाहीतर कर्नल तिथेच कापतं.

फलटण_डेअरी

म्हणजे कॅश वाढवून काहीच झालं नसतं?

वाईचा_घाट

४० चे २० झाले असते आणि १०४० चे १०२०. सरासरी थोडी उतरली असती, सगळ्यांना बरं वाटलं असतं, तासगावकर चक्र बघत बसले असते.

मिरजवाली

काल रात्री बदल चढवला, आज सौदे झाले. वरची रेघ गेली, ३ सेकंदांवालीही गेली, दोन्ही nstat आकडे जागच्या जागी. सरासरी ७० च्या आसपास.

पण नवीन प्रकार. खालचा पट्टा आता प्रत्येक घंटीला फुगतो, ४० पासून १५० पर्यंत, आणि मग परत बारीक होतो. हीटमॅपवर दात आल्यासारखं दिसतंय. हे काय?

टाकारी

आता आले ना माझ्या पायथनवर! आधी निम्मे लोक बाहेर फेकले जात होते म्हणून आतल्यांना मोकळी जागा होती. आता साठच्या साठ एकदम आत, आणि एका वेळी पायथन एकाच धाग्याला काम करू देतं. हा पट्टा पसरट आहे, कडा धूसर आहेत. काकांच्याच नियमाने ही खरी वाट बघण्याची रांग.

वाईचा_घाट

बरोबर बोललात, इथे मी टाकारींच्या बाजूने. फक्त "निम्मे" नाही, चारातला एक.

आकडेशास्त्री

१५० मिलिसेकंद माणसाला जाणवत नाहीत. सोडून द्या.

टाकारी

आज साठ मोबाइल आहेत. हंगामात तीनशे झाले की काय कराल? मोबाइलवरच घंटीनंतर शून्य ते दोन सेकंद असा कुठलाही उशीर लावून मग विचारायला सांगा. गर्दी पसरेल.

मिरजवाली

म्हणजे एक सेकंदाचा दंड घालवायला मीच दोन सेकंदांपर्यंतचा दंड लावू? आणि ज्याला दर आधी दिसेल त्याच्यावरून यार्डात भांडणं होतील ती वेगळीच. माझ्या मनात दर घंटीच्या संदेशातच घालून पाठवायचं आहे, म्हणजे विचारायला यायलाच नको.

वाईचा_घाट

ते उत्तम, पण संदेश उशिरा पोचला किंवा पोचलाच नाही तर माणूस अ‍ॅप उघडून विचारणारच. तो रस्ता ठेवावाच लागेल. आणि दर संदेशात गेला की तुमच्या या हीटमॅपला तो दिसणार नाही. मोबाइलवर दर किती वाजता उमटला ते अ‍ॅपकडून वेगळं मागवावं लागेल.

टाकारी

तरी मी उशिरावर ठाम आहे. दोन नाही तर अर्धा सेकंद लावा.

बेदाणा_तासगाव

आज घंटीबरोबर उघडलं, लगेच दिसला दर. दर मात्र कालच्यापेक्षा पडलाय. त्याचं काय सेटिंग असंल तर तेबी बघा ताई.